ओट्याबद्दलची ओळ

आमच्या विकासरावाले, म्हणजे माह्या नवऱ्याले, कोणत्याही गोष्टीले नाव ठेवल्याशिवाय तिचा भावच करता येत नाही. बाजारात वांगं उचललं की आधी म्हणतीन, "हे तं किडकं दिसते." किडकं नसते, हे त्यायले माहीत असते अन् वांगेवालीलेही माहीत असते. ती म्हणते, "वांगं चांगलं हाये, तुमचे डोये तपासून घ्या." मंग दोघंही हसतात, भाव थोडा उतरते अन् वांगे थैलीत येतात. मानोऱ्याच्या बाजारात सगळे असेच घेतात. त्यात कोणाचं मन दुखत नाही. पण वांगं तोंडानं किडकं म्हणणं वेगळं अन् तेच लिवून देणं वेगळं, एवढी अक्कल आमाले दोघायलेही आली नाही. आता माह्या दुकानापुढचा ओटा रिकामा पडला हाये अन् रुपाबाई तिकडं सांगलीकडं उसाच्या फडात लेकासुनेची चूल फुकून राह्यली. आता अक्कल येऊन काय चाटाची हाये.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे राग कोणावर करा ते तुमचं तुमीच ठरवा.

आमचं दुकान बसस्टँडकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर हाये. मी बायायचे ब्लाउज शिवतो. हे काउंटरवर बसतात, अस्तर, फॉल, लेस, मॅचिंगचे कापड दाखवतात. जागा शालिग्रामकाकाची. काका शेतीवाले, घर गावात, दुकानाच्या जागेकडं त्यायचं फारसं ध्यान नव्हतं. दर पाडव्याले यायचे, आमच्या बाकड्यावर मांडी घालून बसायचे अन् भाड्याची गोष्ट काढायचे. हे लगेच सुरू होत, "काका, शटर गंजून गेलं, पावसात छत गयते, उंदरं अस्तर खाऊन राह्यले. खरं तं तुमीच आमाले पैसे द्याले पाह्यजे." काका म्हणत, "मंग सोड ना जागा. उंदरायलेच देतो भाड्यानं, ते तुह्यापेक्षा कमी कटकट करतीन." मंग चहा यायचा. मंग काका थोडं वाढवून सांगत, हे थोडं कमी करत, अन् दोघायच्या मधात कुठंतरी गोष्ट मिटायची. कागद नाही, सही नाही. काकाचा शब्द अन् आमचा शब्द.

रुपाबाईचा ओटाही असाच शब्दावरचा. ओटा आमच्या दुकानापुढं, नालीच्या अलीकडं, काकाच्याच जागेतला. रुपाबाई जवळच्या बंजारा तांड्यातली. काच, मणी, कवड्या, गोंडे, रंगीत दोरे असं सामान घेऊन बसायची. तांड्यातल्या बायायच्या कांचळीले, फेटियाले, म्हणजे चोळी-घागऱ्याले, जे लागते ते सगळं तिच्याजवळ भेटे. नुसतं विकायची नाही, कोणता आरसा कुठं लावाचा हेही सांगायची. तांड्यातल्या बाया तिले याडी म्हणत. याडी म्हणजे त्यायच्या भाषेत माय. मीही मंग तेच म्हणू लागली. पहिल्यांदा उन्हात रस्त्याच्या कडेले बसली होती, तवा काकायनं पाह्यलं अन् म्हटलं, "वरती बस वं बाई, तिथं सावली हाये." बस, एवढाच तिचा करार. भाडं काकायनं मागतलं नाही. ती सणाले त्यायच्या घरी पुरणपोळी खायाले जायची अन् जाताना काकीच्या हातात एखादा गोंडा ठेवायची.

हा ओटा तिच्यासाठी काय होता, हे मले चांगलं माहीत होतं. म्हणूनच जीव जयते. तिचा पोरगा बादल अन् सून मंजू दरसाल ऊसतोडीले जातात. आधी तीही जायची. नवरा होता तवा त्याच्या संगं कोयता चालवला, मंग मोळ्या वाहून वाहून कंबर गेली. ओटा भेटला तवापासून ती घरी राहू लागली. "मले आता थे ट्रक नको, थे पालातली थंडी नको," ती म्हणायची, "माह्या हातानं कमावतो, माह्या घरात झोपतो. आणखी काय पाह्यजे?" खरंच तिले आणखी काहीच नको होतं.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. काकी आधीच गेल्या होत्या. एकच पोरगी, योगिनीताई, पुण्यात नोकरीले. लहानपणी आमच्याच दुकानात फ्रॉक शिवाले यायची, मले वहिनी म्हणते. तेराव्याले आली, सगळ्यायच्या गया पडून रडली अन् गेली. जागा तिच्या नावावर झाली. हे म्हणाले, "पाडव्याले येईन आता ताई." मीही म्हटलं, येईन.

पाडव्यालोक ताई थांबली नाही. ताईचा मेल आला.

मेल आला पोळ्याच्या आधी अन् ह्यायनं पाह्यला पोळा झाल्यावर. ह्यायच्या फोनवर मेल म्हणजे साड्यायच्या जाहिराती, कर्जाच्या जाहिराती अन् कोणत्या तरी परीक्षेचे निकाल. त्या सगळ्या कचऱ्यात ताईचं नाव दिसलं म्हणून उघडला. लिवलं होतं, "नमस्कार विकासदादा. बाबांची दुकानाची जागा आता माझ्या नावावर झाली आहे. आजूबाजूचे दर पाहता पुढील महिन्याच्या एक तारखेपासून भाडं दीडपट करत आहे. आपली संमती मेलवर कळवावी. योगिनी."

वाचून ह्यायनं दोन वेळा चष्मा पुसला. "दीडपट," म्हणे, "अन् पुढच्याच महिन्यापासून. चहा नाही, बसणं नाही, काहीच नाही."

फोन लावला तं ताई मीटिंगमधे होती. संध्याकाळी तिनं निरोप पाठवला की दादा, राग मानू नका, पण तोंडी काही नको, जे म्हणायचं ते मेलवर लिहा, म्हणजे दोघांनाही बरं. तिचं काही चुकलं नाही, मी तवाही म्हटलं. एकटी बाई, तिथं दूर बसून इथली जागा सांभाळते, तिले कागद पाह्यजेच. ह्यायले मात्र लागलं. म्हणे, "काका असते तं?" मी म्हटलं, "काका नाहीत. आता उत्तर लिवा."

उत्तर लिवायचं कसं हे आमाले कोणालेच येत नव्हतं. म्हणून आमी संघदीपकडं गेलो. त्याचं दाखले, अर्ज, भाडेकरार असं ऑनलाइन कामाचं सेंटर आमच्याच लाइनीत हाये. पोरगा हुशार अन् तोंडानं गोड. मेल वाचून म्हणे, "घाबरू नका काका. ताईनं फक्त कळवलं हाये. नाही म्हणू नका अन् लगेच हाव बी म्हणू नका. मुदत मागा अन् सगळं लेखी मागा. अन् तवरलोक जुनं भाडं येळेवर टाकत राहा, म्हणजे तुमच्याकडून काही चुकलं असं कोणी म्हणू शकत नाही."

त्यानं टाइप केलं अन् आमाले वाचून दाखवलं. मले अजूनही पाठ हाये. "आपला मेल मिळाला. भाडेवाढीस आमचा नकार नाही. परंतु आमचा धंदा सणावर आणि लग्नसराईवर चालतो, म्हणून तयारीसाठी नवीन वर्षापर्यंत मुदत द्यावी. तोपर्यंत सध्याचं भाडं नेहमीप्रमाणे जमा करू. वाढीव भाडं नेमकं किती, कोणत्या तारखेपासून, पुढे दरवर्षी किती वाढणार, अनामत किती, घरपट्टी व दुरुस्ती कोणाकडे आणि या भाड्यात कोणकोणती जागा धरली आहे, हे लेखी कळवावं, ही विनंती."

किती साजरं लिवलं होतं. तेवढंच पाठवलं असतं तं आज मी हे सांगत बसली नसती.

ह्यायनं खुर्ची पुढं ओढली. म्हणे, "हे सगळं ठीक हाये संघदीप, पण यात घासाघीस कुठं हाये? काहीतरी नाव ठेवल्याशिवाय ताई भाव कशी उतरवन?"

"काका, मेलमधे असं करत नाहीत," संघदीप म्हणे.

"तुले काय माहीत धंद्यातलं? लिव. कोणकोणती जागा म्हटलं ना, तिथंच लिव." अन् ह्यायनं सांगतलं, त्यानं टाइप केलं: "दुकानापुढचा ओटा आमच्या वापरात नाही. तिथे दुसरीच बाई सामान मांडून बसते, त्यामुळे दुकान झाकलं जातं व गिऱ्हाइकाला अडचण होते. पूर्ण जागा मिळत नसताना दीडपट भाडं कसं परवडणार?"

मी तिथंच बसली होती. मले हसू आलं. खरं सांगतो, मले हसू आलं, कारण तिच्या ओट्यावर आलेली बाईच मंग आत येऊन माह्याकडं ब्लाउज टाकत होती. रुपाबाईमुळं गिऱ्हाईक अडते म्हणजे पावसामुळं विहीर आटते म्हटल्यासारखं झालं. पण मले वाटलं, वांग्यासारखंच हाये हे. ताई काकाची पोरगी, ती समजून घेईन, म्हणीन, "दादा, मंग ओटा सोडून भाडं थोडं कमी करतो." मी म्हटलं, "बराबर लिवलं. पाठवा." संघदीपनं माह्याकडं एकदा पाह्यलं अन् पाठवलं.

परत आलो तं रुपाबाई ओट्यावर कवड्या ओवून राह्यली होती. तिले सगळं माहीत असायचं, दुकान पातळ भिंतीचं हाये. म्हणे, "काय वं, झालं का लिवून?"

"झालं याडी."

"ताई जागा तं नाही काढून घेणार ना तुमची?"

"नाही. मुदत मागतली हाये."

"मंग बरं. तुमी राहा, म्हणजे मी राहीन." तिनं दात दाखवले अन् पुन्हा ओवाले लागली. मले तवा काहीच वाटलं नाही. मी आत जाऊन मशीन चालू केली.

ताईचं उत्तर नवरात्राच्या आधी आलं. एवढं चांगलं उत्तर आमाले कोणीच कधी दिलं नव्हतं. मुदत दिली होती, नवीन वर्षापर्यंत. दीडपट एकदम नाही, तीन वर्षांत टप्प्यानं. घरपट्टी तिच्याकडं, छताची दुरुस्ती तिच्याकडं. अनामत हप्त्यानं दिली तरी चालन. वकिलाकडून कराराचा मसुदा तयार होऊन राह्यला. आमी जे जे मागतलं ते ते तिनं लिवून दिलं होतं. हे वाचता वाचता खुर्चीवर सरळ बसले. म्हणे, "पाह्यलं का? नाव ठेवल्याशिवाय होते का काही?"

मंग शेवटी लिवलं होतं, "ओट्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मला याची कल्पनाच नव्हती. तुमची अडचण रास्त आहे. समोरचा ओटा तुमच्या भाड्यातच धरला आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना दिवाळीपर्यंत जागा मोकळी करायला सांगावं, असा निरोप शेषरावकाकांना दिला आहे. यापुढे तुमचं दुकान झाकलं जाणार नाही."

शेषराव म्हणजे ताईची शेती पाहणारे. ह्यायनं फोन खाली ठेवला. मी बाहेर पाह्यलं तं शेषराव ओट्याशी उभेच होते अन् रुपाबाई मान वर करून त्यायचं आयकत होती. ओरडले नाहीत, काही नाही. भला माणूस हाये. बोलून झाल्यावर त्यायनं तिथूनच आमच्याकडं पाहून मान हलवली, जसं म्हणून राह्यले की तुमचं काम झालं.

रात्री घरी मी ह्यायले काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. ह्यायनंही आयकून घेतलं, एरवी आयकत नाहीत. मंग ह्यायनं ताईले फोन लावला. रविवार होता, तिनं उचलला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, थे ओट्याचं मी असंच लिवलं होतं," हे म्हणाले.

"असंच म्हणजे?"

"म्हणजे भाव करताना मानूस बोलते ना, तसं. रुपाबाईचा आमाले काही त्रास नाही. उलट तिच्यामुळंच गिऱ्हाईक येते."

 ताई म्हणे, "दादा, पण तुम्ही लेखी तक्रार केलीत. मी ती वकिलांना दाखवली. ते म्हणाले, लेखी काही नसताना कोणी वर्षानुवर्षं तुमच्या जागेत बसत असेल, तर उद्या हक्काचा प्रश्न येऊ शकतो. मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता माहीत झाल्यावर मी डोळे कसे मिटू?"

"अवो, तुमच्या बाबायनंच तिले बसवलं होतं."

"असेल. बाबा मला असलं काही सांगायचे नाहीत." मंग ती लगेच कामाचं सांगू लागली. "हे बघा, त्या बाईंना काही म्हणायचं असेल, तर त्यांनी स्वतःच्या नावानं मला लेखी कळवावं. थोडी मुदत मागावी, काय देऊ शकतात ते लिहावं. मी नाही म्हणणार नाही, विचार करीन. करारात एक कलम आहे, जागा किंवा तिचा भाग तुम्हाला दुसऱ्या कोणाला वापरायला देता येणार नाही. तेव्हा जे काय असेल ते करार व्हायच्या आधी कळलेलं बरं."

आता हे तिनं किती सोपं करून सांगतलं होतं. दार उघडंच ठेवलं होतं तिनं. त्या दारातून रुपाबाईले आत न्यायचं काम आमचं होतं.

दुसऱ्या दिवशी रुपाबाई स्वतःच माह्याजवळ आली. पायरीवर बसली. मी सगळं सांगतलं, ताई काय म्हणाली तेही सांगतलं. फक्त ओट्याची ओळ कोणी लिवली, ते सांगाले माही जीभ रेटली नाही. तिनं समजून घेतलं होतं की ताईनंच आपल्या मनानं ओटा मोकळा कराले लावला.

"मंग लिव ना वं," ती म्हणे. "तुमी तुमच्यासाठी लिवलं तसंच माह्यासाठी लिवाले सांग संघदीपले. म्हणावं, रुपाबाई थोडं भाडं देईन. मुदत दे म्हणावं. अन् जे असन ते लिवून दे म्हणावं, मी अंगठा करतो."

"लिवतो याडी," मी म्हटलं.

घरी गेल्यावर ह्यायले सांगतलं. हे जेवत होते, घास हातातच राह्यला. म्हणे, "लिवू. पण आपला करार होऊ दे आधी."

"ताई तं म्हणे कराराच्या आधी कळवा."

"अवं, विचार कर. एवढा चांगला मसुदा हाये. टप्प्यानं वाढ, दुरुस्ती तिच्याकडं. आता मधात रुपाबाईचा मेल गेला अन् वकिलानं सगळंच बदलून टाकलं तं? ताई म्हणीन, हे लोक एक दिवस एक लिवतात, दुसऱ्या दिवशी दुसरं. एकदा आपला अंगठा होऊ दे. मंग लिवू. ओटा कुठं पयून जाते?"

मी चिडली पाह्यजे होती. मी तेवढी चिडली नाही. मलेही भेव वाटलं. दुकान गेलं तं मी या वयात मशीन घेऊन कुठं जाऊ, असं मनात आलं. मी म्हटलं, "ठीक हाये, पण अंगठा झाला की त्याच दिवशी." हे म्हणाले, "त्याच दिवशी."

मंग रुपाबाई रोज विचारायची. "गेला का मेल?" मी म्हणायची, "जाईन याडी, जरा थांब." ताईले आमी मुदत मागतली तं तिनं दिली होती. रुपाबाईजवळ आमी मुदत मागत होतो अन् तीही देत होती, फक्त तिच्याजवळ द्याले दिवस नव्हते. तांड्यातल्या टोळ्या दसऱ्यापासूनच निघू लागल्या होत्या. बादलची टोळी दिवाळी झाल्याबरोबर निघणार होती. मुकादम विचारून राह्यला होता की म्हातारी येते की नाही, आली तं लेकरं सांभायाले अन् भाकरी थापाले होते, ट्रकात तिची जागा धरावी लागते.

मधात मी तिले म्हटलं, "याडी, आत बस. माह्या मशीनीजवळ सामान मांड." एका बाजाराच्या दिवशी ती आत बसली. तांड्यातल्या बाया रस्त्यावरूनच पुढं गेल्या. दुकानात चप्पल काढून कोण चढन? त्यायले खाली बसून, मणी हातावर घोळवून, अर्धा तास गोष्टी करून घ्याचं असते. संध्याकाळी रुपाबाईनं गाठोडं बांधलं. म्हणे, "आत बसली तं मी तुही पाहुणी झाली वं. पाहुण्याजवळून कोण सामान घेते?"

कराराचा मसुदा आज येते, उद्या येते करत लांबला. वकील गावाले गेले, ताईचा ऑफिसचा ताण, मंग दिवाळीच्या सुट्ट्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी रुपाबाईनं ओटा मोकळा केला. शेषरावले शब्द दिला होता म्हणे. कोणी हाकललं नाही, कोणी बोललं नाही. तिनं स्वतःच झाडून घेतला अन् पाणी टाकून धुतला. मी दारात उभी होती. मले म्हणे, "मेलचं उत्तर आलं की बादलच्या फोनवर कळव. मी मधातून परत येईन. यष्टीनं येईन."

तवाच सांगाले पाह्यजे होतं की मेल गेलाच नाही. मी म्हटलं, "कळवतो."

भाऊबीज झाल्यावर ट्रक आला. मी पाहाले गेली नाही. मंजूनं मागून फोनवर सांगतलं की म्हातारी ड्रायव्हरच्या केबिनमधे बसाले तयार नव्हती, मागं लेकरायजवळच बसली. थंडी होती म्हणे.

आमचा अंगठा पुढच्या आठवड्यात झाला. संघदीपनं लॅपटॉप अन् अंगठ्याची मशीन दुकानातच आणली. तिकडं पुण्यात ताईचा अंगठा झाला, इकडं आमचा. दोन साक्षीदार. करार नोंदवला गेला. तीन वर्षांची हमी, लिवलेली, ठसठशीत. हे पेढे घेऊन आले. मी पेढा बाजूले ठेवला अन् म्हटलं, "आता रुपाबाईचा मेल."

संघदीपनं तिच्या नावानं लिवला. त्यानं पैसे घेतले नाही. छान लिवला, आमच्यापेक्षाही छान. ती किती वर्षांपासून बसते, काकायनं तिले कसं बसवलं, ती थोडं भाडं द्याले तयार हाये, तिले मुदत द्यावी अन् जे ठरन ते लेखी द्यावं. अन् खाली ह्यायनं स्वतःहून एक ओळ लिवाले लावली, की यांच्या बसण्यास आमची काही हरकत नाही, आधी लिहिलं ते चूक होतं.

ताईचं उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. ती खरंच चांगली हाये, माह्या मनात तिच्याबद्दल काही नाही. मेल ह्यायच्या फोनवरूनच गेला होता, तिनं मलेच लिवलं होतं, "वहिनी, वाचून फार वाईट वाटलं. बाबांनी बसवलं होतं हे खरं असेल तर माझी काहीच हरकत नव्हती. पण आता ओटा तुमच्या करारात नोंदवला गेला आहे आणि दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही हेही त्यातच आहे. बदलायचं म्हणजे नवीन करार करावा लागेल, आणि वकील म्हणतात की निदान वर्षभर तरी थांबा. हे सह्यांच्या आधी कळवलं असतं, तर एका ओळीचं काम होतं."

हे म्हणाले, "वर्षभरच हाये." मी त्यायच्याकडं पाह्यलं. मंग ते कापडाच्या घड्या नीट कराले लागले, ज्या आधीच नीट होत्या.

वर्षभर म्हणजे काय ते मले माहीत हाये. टोळी होळीच्या पुढं परत येईन. तवरलोक तिच्या कंबरेचं काय होईन ते होईन. अन् एकदा घरी बसायची सवय मोडली, बायायची याडीकडं यायची वाट मोडली, की मंग ओटा असून काय. तांड्यातल्या बाया आताच दुसरीकडून सामान घेऊ लागल्या. आमच्या दुकानापुढं आता एकदम मोकळं हाये. रस्त्यावरून दुकान लांबून दिसते. दुपारी तिथं एक कुत्रं येऊन झोपते, त्याले करारात कोणी मना केलं नाही.

काल बादलच्या फोनवरून फोन आला. मागं लेकरू रडत होतं, कोणीतरी ट्रॅक्टर चालू करून राह्यलं होतं. रुपाबाईचा आवाज लय बारीक आयकू आला.

"उज्ज्वला? आयकू येते का वं?"

"येते याडी. कशी हायेस?"

"बरी हावो. इथं लय गारठा हाये. कंबर धरून राह्यली जराशी." मंग तिनं विचारलं, "त्या ताईचं उत्तर आलं का?"

हे काउंटरवर होते. त्यायनं मान वर केली नाही, पण हात थांबला.

"नाही आलं अजून," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणे. "तिले घाई नको करू. मोठी नोकरी हाये तिची, येळ लागते. मी थांबतो."